26 जुलै 1902 ला शाहू महाराज कोल्हापुरात नव्हते: चेहरे बदलून केलेल्या इतिहास प्रकल्पात या चुका टाळा

जून उजाडला की आमच्या डिजिटलच्या दुकानात पोरांची रांग लागते. शाहू जयंती, शाळेचं प्रदर्शन, इतिहासाचा प्रकल्प. पूर्वी कापूसकाम आणि थर्माकोल असायचं, आता चेहरे बदललेले फोटो असतात. ड्रेपरीवाल्याकडून दोन-तीन पोशाख आणायचे, काका-मामांना बसवून फोटो काढायचे आणि त्यांच्या जागी वर्गातल्या मुलांचे चेहरे बसवायचे. कल्पना चांगली आहे. पंधरा पोशाख भाड्यानं आणायचा खर्च वाचतो आणि सगळा वर्ग त्या काळात जाऊन बसतो. फक्त दोन चुका दर वर्षी नव्यानं होतात, आणि त्या बघून मी आता वैतागलोय.

पहिली चूक लेबलची. लेबल लावायचं हे सगळ्यांना माहीत असतं, सरांनी सांगितलेलंच असतं. पण ते लावतात कुठं? चित्राच्या खाली पांढऱ्या पट्टीत, बारीक अक्षरात. नाहीतर चार्टवर चित्राच्या शेजारी स्केचपेननं. एका शाळेच्या प्रदर्शनासाठी पोरांनी संस्थानी कचेरीचं चित्र केलं होतं, खाली पट्टी होती, पट्टीत सगळं खरं लिहिलं होतं. कुणा हौशी पालकानं ते उभं चित्र स्टेटसला ठेवताना चौकोनी कापलं. उभं चित्र चौकोनी कापलं की वरचा आणि खालचा भाग जातो, म्हणजे पट्टी गेलीच. चित्र जुनं दिसावं म्हणून पोरांनी त्यावर पिवळट रंग आणि ओरखडेही टाकले होते. पुढं ते 'करवीर संस्थानातील दुर्मिळ फोटो' म्हणून फिरायला लागलं आणि फिरत फिरत एका मुलाच्या आजीच्याच मोबाईलवर येऊन पोचलं. आजी म्हणाली, "अगं, हा कारकून म्हणजे आपला नातूच की!" घरात हशा पिकला. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका शाळेची पोरं तेच चित्र अस्सल समजून माझ्याकडं मोठं छापायला घेऊन आली, तेव्हा मला हसू आलं नाही.

मी छापतो तेव्हा लेबल चित्राच्या आत, माणसांच्या छातीवरून आडवं जातं. कापायचं म्हटलं तर माणसंच कापावी लागतील. 'पुनर्रचना. चेहरे बदललेले आहेत. मूळ छायाचित्र नाही', त्यापुढं इयत्ता आणि वर्ष. ए-थ्री कागदावर अक्षर साधारण एक सेंटीमीटर उंच ठेवलं तर समोर उभ्या माणसाला वाकावं लागत नाही. चित्र खराब दिसतं अशी तक्रार येते. दिसू दे. फाईलच्या माहितीत लेबल लिहून ठेवलंय असं सांगणारे हुशारही भेटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती बहुतेक वेळा गळून जाते.

माझी दुसरी सवय म्हणजे बदललेले चेहरे रंगीतच ठेवायचे, बाकी चित्र काळं-पांढरं. मूळ फोटो रंगीत काढायचा, त्यावर चेहरे बसवायचे आणि चित्र गिम्पमध्ये उघडायचं. लेयरची एक प्रत करून वरची प्रत `Desaturate` नं काळी-पांढरी करायची. त्या वरच्या लेयरला `Add Layer Mask` मधून पांढरा मास्क द्यायचा आणि काळ्या ब्रशनं फक्त चेहऱ्यांवरून फिरवायचं. खालचे रंगीत चेहरे वर दिसायला लागतात. कुणीही लांबून बघितलं तरी कळतं की हे चेहरे आजचे आहेत. चार्टची झेरॉक्स निघाली की रंग जातो, म्हणून छातीवरचं लेबल तरीही लागतंच. ओरखडे, पिवळेपणा, फाटलेले कोपरे यांचे तयार फिल्टर असतात, त्यांना मी हात लावू देत नाही. खोटं जुनेपण आणलं की खरं लेबलही लोक वाचत नाहीत.

दुसरी मोठी चूक लेबल बरोबर असूनही होते. पोरांचा आवडता प्रसंग आरक्षणाचा हुकूम. चित्र ठरलेलं असतं: भरलेला दरबार, सिंहासनावर महाराज, हातात लेखणी, बाजूला टाळ्या वाजवणारी मंडळी, खाली '26 जुलै 1902, कोल्हापूर'. चेहरे बदललेत असं लेबल लावलं, म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. पण महाराज त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते गेले होते. तो समारंभ 26 जूनला ठरला होता, राजा आजारी पडल्यानं 9 ऑगस्टला झाला. हुकूम इकडं करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापून आला. म्हणजे चेहरे सोडले तरी तो प्रसंगच घडला नाही, आणि लेबल फक्त चेहऱ्यांबद्दल बोलतंय. बघणारा समजतो की चेहरे खोटे असले तरी दरबार खरा असणार.

यावर पोरांना मी दरबार सोडून कचेरीत जायला सांगतो. हुकूम वाचला तर चित्र आपोआप सुचतं. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांना द्यायच्या, ज्या कचेरीत त्यांचं प्रमाण त्याहून कमी असेल तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातून करायची, आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांची माहिती दर तीन महिन्यांनी पाठवायची. म्हणजे खरा प्रसंग आहे तो एका साध्या कचेरीतला: खातेप्रमुखाच्या हातात गॅझेट आलंय, समोर कारकून बसलेत, पुढची जागा कुणाला द्यायची हा प्रश्न आहे. कुणाच्या चेहऱ्यावर आनंद, कुणाच्या कपाळाला आठ्या. इथं बैठक, उतरतं मेज, दौत-टाक आणि फेटे पुरतात. लेबलात एक ओळ वाढवायची: 'प्रसंग कल्पित, हुकूम खरा'. एका गटानं हे केलं आणि परीक्षकांनी त्यांना प्रश्नही कचेरीतल्या माणसांबद्दलच विचारले. दरबारवाल्या गटाला विचारलं, महाराज कुठं होते? पोरं एकमेकांकडं बघत राहिली.

बाकीच्या चुका किरकोळ, पण दर वर्षी ठरलेल्या. महाराजांच्या किंवा बाबासाहेबांच्या धडावर वर्गातल्या मुलाचा चेहरा बसवू नका. माणगाव परिषदेचा, म्हणजे मार्च 1920 चा प्रसंग करायचा असेल तरी बदललेले चेहरे श्रोत्यांतच ठेवा. आपल्या गावात हे का सांगावं लागतं ते सांगायला नको. चष्मा काढून फोटो काढा, चेहरा बदलताना अर्धी काडी कानामागं राहते. खिडकी मूळ फोटोत डावीकडं असेल तर मुलाचा फोटोही डावीकडून उजेड घेऊनच काढा, नाहीतर एका गालावर दोन सूर्य उगवतात. मनगटावरची घड्याळं आणि गळ्यातली आयकार्डं तपासा. मुलांचे चेहरे फुकटच्या अनोळखी अ‍ॅपवर चढवू नका. पालकांची लेखी परवानगी घ्या आणि काम शाळेच्याच कॉम्प्युटरवर करा.

चार्टवर चेहरे बदलायच्या आधीचा फोटोही तळव्याएवढा करून चिकटवा. "काका, मग सगळ्यांना कळेल ना!" असं म्हणणारं एक पोरगं दर वर्षी असतंच. त्याला मी चिकटपट्टी देतो आणि कुठं लावायचं ते दाखवतो.