चित्रकलेच्या कोर्सचं विक्री-पान मी कसं दुरुस्त केलं

माझ्या ऑनलाइन ड्रॉइंग कोर्सचं पान लांबलचक होतं, पण लोक वरच्या दोन परिच्छेदांतच गळत होते. वाचक पानावर कुठवर खाली जातात हे दाखवणारा स्क्रोलचा नकाशा पाहिला तेव्हा कारण दिसलं: सुरुवातीला मी माझीच ओळख सांगत बसलो होतो.

ती खाली ढकलली. आता पहिली ओळ आहे, ‘तुम्ही काढलेल्या चेहऱ्याचे डोळे फार वर जातात का?’ नवशिक्यांची ही हमखास चूक. डोळे खरं तर डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण कपाळ आणि केसांची जागा आपण कमी धरतो. लगेच खाली एकाच विद्यार्थ्याची दोन चित्रं, आधीचं आणि नंतरचं, तारखांसह आणि त्याच्या परवानगीने. वाचणाऱ्याला वाटतं, अरे, हे माझंच! मग धड्यांची यादी, माझी ओळख आणि किंमत.

हमीने मात्र दमवलं. ‘समाधान न झाल्यास पैसे परत’ एवढंच लिहिलं होतं, तेही शेवटच्या बटणाखाली. त्यामुळे किती दिवसांत, कोणत्या अटीवर, हेच प्रश्न मेलमध्ये यायचे. आता किमतीला लागूनच लिहिलंय: 30 दिवसांत एक मेल करा, कारण न विचारता पूर्ण रक्कम परत. (आधी ‘सगळा गृहपाठ दाखवा’ अशी अट होती. ती वाचून मलाच संशय आला असता.)

शेवटच्या बटणावर ‘सबमिट’ होतं. तिथे आता ‘पहिला चेहरा काढायला घ्या’ आहे, आणि बटणाच्या वर सुरुवातीचाच डोळ्यांचा प्रश्न एका ओळीत पुन्हा.