लाल जमिनीत स्फुरद कुठे टाकाल? भातामागच्या भुईमुगाची तयारी

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुणग्यात भात चांगलं झालं आणि त्याच कुणग्यात मागाहून पेरलेला भुईमूग मात्र महिनाभर वीतभरच राहिला. पानं पिवळी नव्हती, उलट जास्तच काळपट हिरवी होती. बांधावर उभे राहिलेले शेजारचे काका म्हणाले, "भात बरा इला, मगे भुईमुगाक काय झाला?" प्रश्न बरोबर होता. स्फुरदासाठी सुपर फॉस्फेट तर मी भातापेक्षा भुईमुगालाच जास्त घातलं होतं, फक्त ते फोकून दिलं होतं. चूक तिथेच झाली. म्हणून यंदा भात कापल्यावर वायंगणात भुईमूग करायचा असेल तर कोणती कामं कुठल्या क्रमाने उरकायची, ते लिहून ठेवतोय. हिशेब २० गुंठ्यांचा धरला आहे.

पहिलं काम हाताचं नाही, डोक्याचं आहे. आपली जमीन जांभ्यावरची आहे आणि तिचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे. लोह आणि ॲल्युमिनियमच्या या ऑक्साइडांच्या कणांवर स्फुरद येऊन चिकटतो. माती जितकी आम्ल, तितका तो जास्त चिकटतो, आणि दिवस जातील तसा जास्त घट्ट बसतो. विद्राव्य खत मातीत मिसळल्यावर ही ओढाताण काही तासांतच सुरू होते. आता भाताच्या वेळचं आठवा. कुणग्यात पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोहाचं रूप बदलून ते पाण्यात विरघळतं आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद मोकळा होतो. आम्लताही आपोआप कमी होते. पाण्यावर तेलासारखा तांबूस तवंग दिसतो, बोट लावलं की त्याचे तुकडे होतात. तो तवंग त्याच लोहाचा. भाताला ही सोय पाण्याने फुकट करून दिलेली असते. कापणी होऊन कुणगा सुकला की लोह पुन्हा ऑक्साइड होऊन बसतं, आणि हे ताजं ऑक्साइड अगदी बारीक कणांचं असल्याने आधीपेक्षा जास्त स्फुरद गिळतं. म्हणजे भुईमुगाला मिळणारी जमीन भाताच्या जमिनीपेक्षा भुकेली असते. खिसा एकाच पिकापुरता असेल तर स्फुरद मी भुईमुगाला देईन.

भात कापलं की लगेच मातीचा नमुना काढा. कुणग्यात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घ्यायची, घमेल्यात मिसळून अर्धा किलो ठेवायची, सावलीत सुकवायची. बांधाकडची आणि शेणखताच्या ढिगाखालची जागा सोडायची. प्रयोगशाळेत पिशवी देताना स्फुरद 'ब्रे' पद्धतीने तपासणार का, हे तोंडाने विचारा. 'ओल्सेन' पद्धत मुळात देशावरच्या चुनखडीच्या, विम्ल जमिनींसाठीची आहे. आम्ल जमिनीला ब्रे लागू पडते. दोन्ही पद्धतींचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या तक्त्याशी ताडून पाहू नका. कागद आला की आधी आम्लता सांगणारा सामू बघा.

सामू साडेपाचाच्या खाली असेल तर चुन्याचा विचार करायचा, वर असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा. चुन्याने अडकलेला सगळा स्फुरद सुटतो, असं काही जण सांगतात. ते तितकंसं खरं नाही. चुन्याचं मोठं काम म्हणजे मुळांना जाळणारं विरघळलेलं ॲल्युमिनियम शांत करणं. मूळ लांबलं की ते स्फुरदापर्यंत स्वतःच पोचतं. पूर्ण शेताला चुना परवडत नाही, म्हणून हेक्टरी २ ते ४ क्विंटल बारीक चुनखडीची भुकटी फक्त पेरणीच्या तासांत, म्हणजे चरांत, टाकायची पद्धत आहे. २० गुंठ्यांना ती ४० ते ८० किलो होते. ती पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत जायला हवी. चुना आणि सुपर फॉस्फेट एका घमेल्यात कालवू नका, विद्राव्य स्फुरद तिथल्या तिथे कमी विद्राव्य होऊन बसेल.

आता खताची खरेदी. भुईमुगाला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद ही शिफारस धरली तर २० गुंठ्यांना ५ किलो नत्र आणि १० किलो स्फुरद लागेल. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणजे साडेबासष्ट किलो, सव्वा गोणी. युरिया साधारण ११ किलो. डीएपी घेतलं तर बावीसएक किलोत स्फुरदाचं काम होतं आणि वाहायलाही हलकं पडतं, पण सुपर फॉस्फेटबरोबर येणारं कॅल्शियम आणि गंधक त्यात नसतं, आणि शेंगा भरायला भुईमुगाला ते हवंच असतं. म्हणून मी सुपरच घेतो, आणि तेही दाणेदार. भुकटीचा प्रत्येक कण मातीला चारी बाजूंनी भिडतो. दाण्याला फक्त बाहेरून माती लागते.

दुकानात रॉक फॉस्फेटही स्वस्तात दिसेल. ते वाईट नाही, पण त्याचा स्वभाव उलटा आहे. ते विरघळायलाच आम्ल माती लागते, म्हणून ते फोकून, मातीत नीट मिसळून, आगाऊ द्यायचं असतं. ओळीत कोंडलं तर ते तसंच पडून राहतं, आणि चुना घातलेल्या जमिनीत तर त्याचा उपयोगच उरत नाही. साडेतीन-चार महिन्यांच्या भुईमुगाचा भार एकट्या रॉक फॉस्फेटवर टाकू नका.

खत कुठे पडावं, हा यादीतला मुख्य मुद्दा. २० गुंठे म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. खत फोकून १५ सेंटिमीटर खोल मिसळलं तर ते ३०० घनमीटर मातीत जातं, वजनाने सुमारे ४०० टन. दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर ओळींची एकूण लांबी भरते ६६०० मीटरच्या आसपास. खत चार सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर जाड पट्ट्यात टाकलं तर त्याला भेटणारी माती ८ घनमीटर, म्हणजे दहा-अकरा टन. सव्वा गोणी खताला ४०० टन मातीशी झुंजायला लावायचं की अकरा टनांशी? पट्ट्यातले लोहाचे कण पोट भरून घेतात आणि वरचा स्फुरद मुळांना उरतो. शिवाय स्फुरद मातीत फार चालत नाही, खताच्या दाण्यापासून काही मिलिमीटरच सरकतो. तो मुळाकडे येणार नाही, मूळच त्याच्या वाटेवर आलं पाहिजे. म्हणून पट्टा बियाण्याच्या खाली पाच आणि बाजूला पाच सेंटिमीटरवर हवा, म्हणजे पहिली मुळं त्यातून जातील.

देशावर दोन चाड्यांची पाभर हे काम एका फेरीत करते. आपल्या लहान कुणग्यात ती वळत नाही, म्हणून हातानेच करायचं. नांगराने किंवा कुदळीने दहा-बारा सेंटिमीटर खोल तास काढा, तळाशी खत सोडा, वर चार बोटं माती ओढा आणि मग बी थोडं एका कडेला धरून टाका. ही चार बोटं माती कुणी घाईत विसरलं तर बी खतावरच पडतं. उगवण विरळ होते, आणि न उगवलेलं बी उकरलं तर मुळाचं टोक तपकिरी दिसतं.

मापाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा. साडेबासष्ट किलो भागिले ६६६७ मीटर म्हणजे मीटरला साडेनऊ ग्रॅमच्या आत-बाहेर. माझा कुणगा २० मीटर लांब आहे, तेव्हा एका तासाला १९० ग्रॅम. किराणा दुकानात काट्यावर तेवढं खत तोलून घेतलं, एका पत्र्याच्या डब्यात ओतलं आणि आतून खिळ्याने पातळीवर रेघ मारली. पेरायला आलेल्या बायकांना एवढंच सांगायचं की एका तासाला रेघेपर्यंत एक डबा, आणि तासाच्या अर्ध्यावर पोचाल तेव्हा डबाही अर्धा असला पाहिजे. पहिली दोन तासं चुकतात, मग हात बसतो. युरिया सुपरमध्ये कालवून ठेवू नका, रात्रभरात ओलसर गोळा होतो. तो शेवटच्या कुळवणीआधी वेगळा टाकून मोकळे व्हा.

ओलीकडे लक्ष असू द्या. स्फुरद मुळापर्यंत ओलीतूनच पोचतो, आणि हिवाळी वाऱ्याने लाल जमिनीचा वरचा थर दोन दिवसांत कोरडा पडतो. सकाळी काढलेलं तास संध्याकाळपर्यंत उघडं ठेवू नका. जितकी तासं बुजवता येतील तितकीच काढा. पट्टा खोल ठेवण्याचं एक कारण हेही आहे.

चाळलेलं, कुजलेलं शेणखत हाताशी असेल तर ते खताबरोबर तासातच टाका. त्यातली सेंद्रिय आम्लं लोहाच्या कणांवरच्या जागा अडवतात. बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळायला हरकत नाही, पण पाकीट चोळलं म्हणून सुपर अर्ध्यावर आणू नका. जिवाणूंवर माझा तेवढा भरवसा नाही. पट्ट्याने खत वाचतं हे खरं, तरीही पहिल्या वर्षी मात्रा कमी करू नका. आधी फरक डोळ्यांनी बघा.

त्यासाठी पेरतानाच तीन ओळी राखून ठेवा. एका ओळीला स्फुरद अजिबात नको, दुसरीला तेवढंच खत वर पसरून मिसळा, तिसरीला पट्टा. खुणेला काठ्या रोवा. तिसाव्या दिवशी तिन्ही ओळींची चार-चार झाडं मुळांसकट उपटून बांधावर शेजारी-शेजारी ठेवा. कमतरता असेल तर बिनस्फुरदाचं झाड खुजं आणि काळपट हिरवं दिसेल. ते पिवळं पडलं असेल तर दुखणं नत्राचं किंवा मुळांवरच्या गाठींचं आहे, स्फुरदाचं नाही. पट्ट्याजवळची मुळं बारीक आणि झुपक्याने वाढलेली दिसतील.

तेव्हाच खताचे पांढरे दाणे जसेच्या तसे सापडतील आणि खत विरघळलंच नाही, असं कुणीतरी म्हणेल. दाणा बोटांत चुरून बघा, तो पोकळ आणि ठिसूळ लागेल. स्फुरद निघून गेलेला असतो, उरतो तो बराचसा जिप्सम. मीही पहिल्यांदा फसलो होतो आणि दुकानदाराला बोल लावून आलो होतो.

एक खूण पुढच्या वर्षासाठी. पहिल्या हंगामात पिकाच्या हाती दिलेल्या स्फुरदापैकी साधारण १५ ते २० टक्केच लागतो, बाकीचा त्याच रेषेत राहतो. शेंगा काढल्यावर नांगरणीआधी नमुना घेतलात आणि खोरं नेमकं जुन्या पट्ट्यावर पडलं, तर सगळा कुणगा श्रीमंत असल्याचा कागद येईल. ओळींच्या मधली माती घ्या, आणि काठ्या तोवर उपटू नका.