सुधारित ड्रॉइंग साइटवर देण्यापूर्वीची तयारी

हर्णैजवळ समुद्रालगतच्या एका घराच्या तुळईचे ड्रॉइंग आम्ही आर-०, म्हणजे पहिली आवृत्ती, म्हणून दिले होते; त्यात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ३० मिलिमीटर धरले होते. किनाऱ्यावरील हवा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ‘तीव्र’ वर्गात मोडते आणि तिथे ४५ मिलिमीटर कव्हर लागते, हे तपासणीत लक्षात आल्यावर सुधारित आर-१ काढले. बदललेली जागा दाखवणारा ढग, म्हणजे ढगासारखी नागमोडी रेघ, फक्त टीपेतील आकड्याभोवती काढला, आणि चूक तिथेच झाली.

म्हणून पहिली तयारी अशी की, ढग काढण्याआधी त्या बदलाने आणखी काय हलते हे शोधून ठेवावे. २३० × ४५० च्या तुळईत ३० चे कव्हर असताना मुख्य सळयांभोवतीच्या रिंगेचे बाहेरचे माप १७० × ३९० येते, तर ४५ ला ते १४० × ३६० होते. रिंगांचे माप मात्र दुसऱ्या शीटवरील, सळया वळवण्याची मापे देणाऱ्या बार बेंडिंग शेड्यूलमध्ये होते, आणि ते शीट आर-० वरच राहिले. सळया वळवणारा फिटर टीप वाचत नाही, शेड्यूल वाचतो. त्याने १७० च्या रिंगा वळवल्या. सेंट्रिंगमध्ये ४५ चे कव्हर ब्लॉक बसेनात, तेव्हा मुकादमाने फोन केला, आणि सुदैवाने काँक्रीट पडण्यापूर्वी आम्हाला ते कळले.

त्यामुळे टीप, छेद आणि शेड्यूल या तिन्ही ठिकाणी ढग आणि शेजारी त्रिकोणात सुधारणेचा क्रमांक आहे ना, हे पाहावे. काढून टाकलेल्या गोष्टीच्या रिकाम्या जागेभोवतीही ढग हवा, कारण नसलेली सळई कोणाच्या नजरेत भरत नाही. आर-२ काढताना आर-१ चे ढग पुसावेत, नाहीतर नवीन बदल कोणता हे साइटवर ओळखता येत नाही. जुन्या बदलांची नोंद ड्रॉइंगवरील सुधारणांच्या तक्त्यात राहतेच.

त्या तक्त्यात क्रमांक, तारीख, तपासणाऱ्याची सही आणि बदलाचे वर्णन असावे. ‘सुधारित’ एवढेच लिहिणे मला मान्य नाही. ‘तुळई ब-३ चे कव्हर ३० ऐवजी ४५, रिंगा १४० × ३६०, शेड्यूल शीट पाहावे’ असे लिहिले की मुकादमाला नेमकी जागा सापडते. शीर्षकपट्टीतील क्रमांक, तक्त्याची शेवटची ओळ आणि फाइलचे नाव जुळते का, तेही छपाईपूर्वी बघावे.

शेवटी प्रती. नवीन प्रत देताना जुनी परत घेऊन तिच्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारावा, पोच घ्यावी आणि नोंदवहीत कोणाकडे किती प्रती आहेत हे लिहावे. पावसाळ्यात साइटवर ड्रॉइंग प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला टांगतात आणि तीच प्रत महिनोन्‌महिने राहते, म्हणून ती स्वतः जाऊन बदलावी. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत शीर्षकपट्टी दिसत नसेल, तर त्या फोटोवरून काम करू नये, हे फिटरला तोंडी नव्हे तर लेखी कळवावे.