या चुका टाळा: अन्वयार्थवाद लिहून टक्केवारी काढू नका

पीएच.डी.च्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य असतं, 'प्रस्तुत संशोधन अन्वयार्थवादी दृष्टिकोनातून केले आहे.' पान उलटलं की २०० जणांची प्रश्नावली, पाच गृहीतकं आणि काय-स्क्वेअर कसोटी. संशोधन सल्लागार समितीपुढे पहिला प्रश्न इथेच येतो आणि उमेदवार मार्गदर्शकांच्या तोंडाकडे बघतो. वाक्य कुठल्यातरी जुन्या प्रबंधातून उचललेलं असतं. त्याचा पुढच्या प्रत्येक पानाशी काही करार असतो, हे कोणी सांगितलेलं नसतं.

हा करार काय आहे ते एकाच विषयावर बघू. आपल्याकडे समाजशास्त्राच्या, शिक्षणशास्त्राच्या आराखड्यांत तो वरचेवर येतो: बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळागळती.

प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे पॉझिटिव्हिस्ट संशोधक असं धरतो की गळती ही मोजता येणारी गोष्ट आहे. ती त्याच्या मतांपासून स्वतंत्र आहे. त्याने मोजली काय आणि दुसऱ्याने मोजली काय, पद्धत तीच असेल तर उत्तर जवळपास तेच यायला हवं. एमिल दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येवर लिहिताना हेच केलं. एकेका माणसाच्या मनात न शिरता त्याने वेगवेगळ्या समाजांतली आत्महत्येची प्रमाणं एकमेकांशी ताडून पाहिली. अन्वयार्थवादी, म्हणजे इंटरप्रिटिव्हिस्ट संशोधक मॅक्स वेबरच्या वाटेने जातो. माणूस जे करतो त्याला त्याच्या लेखी काय अर्थ आहे, ते कळल्याशिवाय त्याचं वागणं कळलं असं तो मानत नाही.

आता पहिल्या संशोधकाचा आराखडा. त्याचा प्रश्न असा: हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांची हजेरी, आईबापांबरोबर फडावर गेलेल्या मुलांपेक्षा जास्त असते का? आधी त्याला गळतीची व्याख्या बांधावी लागेल. सलग तीस दिवस गैरहजर म्हणजे गळती, की पुढच्या जूनला वर्गात न बसणं म्हणजे गळती? व्याख्या बदलली की आकडा बदलतो, म्हणून ती आधी ठरवायची आणि मग हलवायची नाही. त्यानंतर शिरूर कासार, पाटोदा, धारूर अशा तालुक्यांतल्या शाळांची यादी करायची. यादीतून चिठ्ठ्या टाकून शाळा, शाळेतून मुलं, आणि नोव्हेंबर ते मार्चची हजेरी. ज्याच्या घरी सांभाळायला आजी आहे ते मूल गावातच राहतं, तेव्हा फरक वसतिगृहाचा की आजीचा, हे वेगळं काढावं लागतं. म्हणून मुलाची इयत्ता, मुलगा की मुलगी, घरी कोण असतं, पाठची भावंडं किती, हेही नोंदवायचं. इथे गृहीतक हवं, काय-स्क्वेअर शोभतो, आणि क्रेजसी-मॉर्गनचा १९७० चा तक्ता उघडायलाही हरकत नाही. १,००० मुलांच्या समूहाला तो २७८ चा नमुना सांगतो. मात्र तो तक्ता साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहे. आधी शाळा निवडून मग मुलं निवडली, तर एका शाळेतली मुलं बरीचशी एकमेकांसारखी निघतात आणि तेवढ्या नमुन्याने भागत नाही.

दुसऱ्या संशोधकाचा प्रश्नच निराळा आहे: मुलीला सोबत न्यायचं की मागे ठेवायचं, हे घरात ठरतं कसं? त्याला २७८ घरं नकोत. त्याला थोडी घरं हवीत, पण एकाच घरी पुन्हा पुन्हा जायचंय. घरंही मुद्दाम निवडलेली हवीत: एखादं मुलीला नेणारं, एखादं न नेणारं, एखादं थोरलीला नेऊन धाकटीला ठेवणारं. समजा, एका आईला त्याने विचारलं की मुलीची शाळा का सुटली. उत्तर असं येऊ शकतं: "सुटली कुठं? नाव हाये की पटावर. पाडव्याला आलाव की जाती परत." थोडं थांबून ती पुढे म्हणते, "आता मोठी झाली ना ती. मागं कोनाच्या भरवशावर ठेवावं?"

या दोन वाक्यांत त्या प्रबंधाची निदान दोन प्रकरणं आहेत. संशोधक जिला गळती म्हणतोय ती आईच्या लेखी गळतीच नाही, हंगामापुरती सुट्टी आहे. आणि मुलगी फडावर जाते ती कामाला हात हवा म्हणून तर असेलच, पण वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती वाटते म्हणूनही. हीच बाई प्रश्नावलीत काय झाली असती? 'शाळा सोडण्याचे कारण: (अ) आर्थिक (आ) शैक्षणिक अनास्था (इ) घरची अडचण (ई) इतर.' तिने, किंवा तिच्या वतीने फॉर्म भरणाऱ्या पोराने, 'अ' किंवा 'इ'वर खूण केली असती. मग प्रबंधात लिहिलं जातं की बहुसंख्य पालकांनी आर्थिक कारण सांगितले. पालकांनी ते सांगितलेलं नसतं. संशोधकाने चार पर्याय पुढे ठेवले आणि त्यांतला एक त्यांनी उचलला.

त्यामुळे सगळ्यात महागात पडणारी चूक साधनाची नसून प्रश्नाची असते. 'परिणाम', 'संबंध', 'तुलना', 'प्रमाण' हे शब्द उद्दिष्टांत आले की तुम्ही मोजायचं कबूल केलंत. 'कसे ठरते', 'काय अर्थ लावतात' असं लिहिलंत की ऐकायचं कबूल केलंत. आपल्याकडे शीर्षक असतं 'स्थलांतराचा शिक्षणावरील परिणाम: एक अभ्यास' आणि हातात असतात १८ मुलाखती. १८ मुलाखतींतून परिणाम सिद्ध होत नाही. फार तर तो कोणत्या वाटेने घडत असावा, ते दिसतं.

याची ठळक खूण चौथ्या प्रकरणात सापडते. '१८ पैकी १३ महिलांनी, म्हणजे ७२.२२ टक्के महिलांनी...' असं वाक्य दिसलं की संशोधक मुलाखत घेऊन आला पण विचार प्रश्नावलीचाच करतोय, हे कळतं. त्या १८ बायका तुम्हीच निवडलेल्या आहेत. दशांश चिन्हापुढच्या त्या दोन आकड्यांना काही आधार नाही. उरलेल्या पाच जणी वेगळं का बोलल्या, हे तिथे लिहायला हवं होतं.

उलटी चूकही तितकीच होते. मुलाखत घेतली की संशोधन आपोआप अन्वयार्थवादी झालं, असा समज आहे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, ठरलेल्या पर्यायांसह विचारले तर ती मुलाखत अनुसूची झाली. समोरासमोर बसून भरून घेतलेली प्रश्नावलीच ती. तसंच आकडा वापरला म्हणून कोणी प्रत्यक्षार्थवादी होत नाही. 'बारा घरांत मी गेलो' हा आकडाच आहे.

मुलाखती किती घ्यायच्या, यावर मॉर्गनचा तक्ता लावू नका. समिती हमखास विचारते, "एवढ्याच का?" गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या. पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते, असं त्यांना दिसलं. पण त्यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या सगळ्या बायका बऱ्याच अंशी एकाच स्थितीतल्या होत्या. तुमच्या अभ्यासात मुकादम, शिक्षक आणि आई असे तीन गट असतील तर बाराचं ते बोट धरून चालणार नाही. 'पुढच्या तीन मुलाखतींत नवं काही आलं नाही' हे दाखवणारी नोंद ठेवा. ती समितीपुढे ठेवता येते. क्रोनबाख अल्फा मागितला, तर तो मोजपट्टीचा निकष आहे, कथनाचा नाही, हे नम्रपणे सांगा. त्याऐवजी लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये मांडलेले विश्वसनीयतेचे निकष द्या: त्याच घरी परत जाऊन आपला अर्थ त्यांना वाचून दाखवला का, निर्णयांची नोंदवही ठेवली का, वगैरे.

शाळेचा हजेरीपट हा दोन्ही पक्षांना अडचणीत आणणारा कागद आहे, आणि दोन्ही भूमिकांतला फरक मला तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो. शिक्षकांची पदं संचमान्यतेत पटसंख्येवरून ठरतात, त्यामुळे फडावर गेलेल्या मुलाचं नाव चटकन कमी होईलच असं नाही. प्रत्यक्षार्थवाद्यासाठी हा मापनातला दोष आहे. त्याने अचानक भेट देऊन डोकी मोजावीत आणि पटाशी ताडून पाहावीत. अन्वयार्थवाद्यासाठी तीच नोंद अभ्यासाची वस्तू होते: गुरुजी कुणाला 'गैरहजर' लिहितात, कुणाला 'स्थलांतरित' आणि कुणाला काहीच नाही? जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये दुर्खीमच्या आकड्यांवर हाच आक्षेप घेतला होता: मृत्यूला आत्महत्या म्हणायचं की नाही, हे कुणीतरी अधिकारी ठरवतो आणि मग त्याचा आकडा होतो. सर्वेक्षणाची तारीखही बघावी. राज्यात ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. जुलैत ऊसतोडीची कुटुंबं गावातच असतात.

'मिश्र पद्धती' लिहिलं की दोन्हीकडून सुटका होते, असं वाटत असेल तर नाही होत. कोणता प्रश्न कोणत्या पद्धतीने सुटणार आणि आधी काय करणार, ते लिहावं लागतं. या विषयात मुलाखती आधी घ्याव्यात असं माझं मत आहे. 'मोठी झाली' हे कारण मुलाखतीत सापडलं, की मग ते प्रश्नावलीत पर्याय म्हणून टाकता येतं आणि किती घरांत ते चालतं, हे मोजता येतं.

माहिती गोळा होऊन गेली आणि घोळ आता लक्षात आला, तर माहितीला हात लावू नका, दावा बदला. २०० प्रश्नावल्या असतील तर अन्वयार्थवादाचं ते वाक्य काढून टाका आणि वर्णनात्मक सर्वेक्षण म्हणा. नमुना ओळखीच्या गावांतून सोयीने घेतला असेल तर पी-मूल्यावर जिल्ह्याचा निष्कर्ष उभा करू नका. 'या गावांत असं दिसलं' एवढंच लिहा. १८ मुलाखती असतील तर गृहीतकं, टक्केवारी आणि 'सिद्ध होते' हे शब्द काढून टाका आणि शीर्षकातला 'परिणाम' बदलता येतो का, ते विद्यापीठाच्या नियमांत बघा. शीर्षक-बदलाला मुदत असते, म्हणून हे काम आधी. मुलाखती कमी पडत असतील तर दसऱ्याच्या आत गावात जा. कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ आली की गावं रिकामी होतात, आणि मग सांगली-कोल्हापूरकडे कोप्यांवर जावं लागतं. तिथे मुकादम शेजारी उभा असताना उचलीबद्दल कोणी खरं बोलत नाही.