हायड्रोजन इलेक्ट्रोडवरून पीएच कसा काढायचा (आणि पुस्तकातला आकडा डोळे झाकून का घालू नये)

हल्ली पीएच मीटर बुडवला की आकडा मिळतो, पण १९०९ मध्ये सोरेनसेननं पीएचची कल्पना मांडली तेव्हा त्याचं काम हायड्रोजन इलेक्ट्रोडवरच चालायचं. एमएससीच्या प्रॅक्टिकलला किंवा हौसेनं करून बघायचं असेल तर गणित दोन ओळींचं आहे हो, सगळा खेळ इलेक्ट्रोड नीट बनवण्यात आहे.

आधी प्लॅटिनम. पत्रा स्वच्छ धुवून क्लोरोप्लॅटिनिक अॅसिडच्या द्रावणात (चिमूटभर लेड अॅसिटेट घालून) कॅथोड म्हणून लावा आणि थोडा करंट सोडा. काही मिनिटांत पत्र्यावर मखमलीसारखा काळा थर चढतो, हाच प्लॅटिनम ब्लॅक. थर चकचकीत किंवा राखाडी दिसला तर परत चढवा, कारण हायड्रोजनची देवाणघेवाण झटपट होते ती या काळ्या थरावरच. मग पातळ सल्फ्युरिक अॅसिडमध्ये पुन्हा कॅथोड करून थोडा वेळ करंट द्यायचा, म्हणजे अडकलेलं क्लोरीन निघून जातं, आणि त्यानंतर इलेक्ट्रोड कायम डिस्टिल्ड वॉटरमध्येच ठेवायचा, वाळू द्यायचा नाही.

गॅस सिलेंडरचा असला तर बरं. जस्त आणि अॅसिडपासून बनवणार असाल तर जस्तातल्या आर्सेनिक आणि गंधकामुळे येणारे वायू आधी धुवून काढा, नाहीतर काळा थर 'मरतो'. ऑक्सिजनही काढायलाच हवा. आणि बाहेर जाणारा गॅस नळीनं खिडकीबाहेर सोडा, जवळपास बर्नर पेटवू नका.

आता जोडणी. द्रावणात काळा पत्रा बुडवून त्यावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सोडायचे, दुसऱ्या बाजूला सॅच्युरेटेड कॅलोमेल इलेक्ट्रोड, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचा सॉल्ट ब्रिज. कॅलोमेल प्लसला, हायड्रोजन मायनसला. साधा काट्याचा व्होल्टमीटर नको, तो करंट ओढतो आणि व्होल्टेज खाली पडतं, त्यामुळे पोटेन्शिओमीटर किंवा भरपूर इनपुट रेझिस्टन्सचा डिजिटल मीटर घ्या. रीडिंग पहिल्या मिनिटाला घेऊ नका, हळूहळू चढत जाऊन ते स्थिर होतं, पाचेक मिनिटं हललं नाही की मगच लिहा.

२५ अंश सेल्सियसला सूत्र असं:

```
pH = (E - Eref) / 0.0592
```

इथेच बरेच जण गंडतात. Eref साठी एका पुस्तकात ०.२४१ असतं, दुसऱ्यात ०.२४४. दुसऱ्या आकड्यात सॉल्ट ब्रिजच्या टोकाशी तयार होणारं छोटं व्होल्टेज धरलेलं असतं. शिवाय सूत्रात हायड्रोजनचा दाब १ अॅटमॉस्फियर धरलाय, आणि पुण्यात हवेचा दाबच ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यातून पाण्याच्या वाफेचे २४ गेले की हायड्रोजनचा उरतो ६८६ च्या आसपास, म्हणजे रीडिंग सव्वा मिलिव्होल्टनं कमी. मुंबईत हा फरक फार नाही.

म्हणून सरळ उपाय: Eref आपल्याच सेलमधून काढा. समजा ६.८६ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये ०.६४९ व्होल्ट आले. ६.८६ गुणिले ०.०५९२ म्हणजे ०.४०६, ते वजा केलं की आपला Eref ०.२४३. दाब, ब्रिज, सगळं त्यात आलं. आता त्याच दिवशी, त्याच तापमानाला, अॅसिटिक अॅसिड आणि सोडियम अॅसिटेटच्या द्रावणात ०.५१९ आले तर:

```
pH = (0.519 - 0.243) / 0.0592 = 4.66
[H+] = 10^-4.66 = 2.2 x 10^-5 mol/L
```

पुस्तकातला ०.२४१ घातला असता तर पीएच ४.७० आणि कॉन्सन्ट्रेशन २.०, म्हणजे दहाएक टक्क्यांची चूक, फक्त दोन मिलिव्होल्टपायी! तापमान ३० अंश असेल तर ०.०५९२ च्या जागी ०.०६०१ घ्या, बफरचा पीएचही त्या तापमानाचाच हवा. काटेकोर बोलायचं तर हा आकडा अॅक्टिव्हिटीचा असतो, पातळ द्रावणात तोच कॉन्सन्ट्रेशन म्हणून चालतो, पण ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये पीएच १.० ऐवजी १.१ च्या जवळ येतो, तेव्हा घाबरू नका.

रीडिंग स्थिर न होता खाली घसरत राहिलं, म्हणजे द्रावण आहे त्याहून जास्त अॅसिडिक दाखवायला लागलं, तर पहिला संशय हवेवर घ्या. बूच, नळ्या तपासा आणि गॅस जोरात सोडून बघा. तरीही नाही सुधारलं तर परत बफरमध्ये टाका, तिथेही सकाळचे ०.६४९ येत नसतील तर थर खराब झालाय, नवा चढवा. सल्फाइड, सायनाइड असलेल्या द्रावणात हा इलेक्ट्रोड घालूच नका, परमँगनेट किंवा फेरिकसारख्या ऑक्सिडायझिंग द्रावणातही नाही, आणि चांदी-तांब्याचे क्षार असतील तर धातू सरळ पत्र्यावर बसतो. सोडा बायकार्बमध्ये वेगळीच गंमत होते, बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मोजता मोजता पीएच खरोखरच वाढत जातो, तिथे मुकाट्यानं ग्लास इलेक्ट्रोड वापरा.