भूत, तात्या आणि वाटणी: पटकथा लिहायला बसण्याआधी

गोष्ट तशी गावोगावची. रानातलं भूत शेतकऱ्याला अडवतं आणि म्हणतं, जमीन माझी, पिकात निम्मा वाटा दे. मग वरचं कुणाचं, खालचं कुणाचं यावर तीन वर्षं गंमत चालते. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी याची चार मिनिटांची ॲनिमेशनपट्टी करायची असेल, तर कागदावर पहिलं वाक्य उतरवण्याआधी पिकं ठरवा. गोष्ट पिकांवरच उभी आहे.

मी पहिल्या खर्ड्यात जमिनीखालचं पीक म्हणून भुईमूग घेतला होता. वाचून दाखवला, तर तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "मग भुताला वैरण तर मिळाली की!" बरोबर होतं तिचं. भुईमुगाचा पाला जनावरं आवडीनं खातात, म्हणजे भूत पुरतं फसलंच नाही. सांगली भागातल्या पोरांसमोर हे चालत नाही. म्हणून हळद घेतली. तिच्या वाळल्या पाल्याला वैरण म्हणून कोणी विचारत नाही. दुसऱ्या वर्षी शाळू, कारण भूत आता "खालचं माझं" म्हणणार आणि त्याला नुसती धसकटं मिळणार. कणसं आणि कडबा दोन्ही तात्याचे. तिसऱ्या वर्षी भूत चिडून वरचं आणि खालचं दोन्ही मागतं, तेव्हा मका.

पिकं ठरली की प्रत्येकाचं जमिनीच्या वर आणि खाली काय असतं त्याचं चित्र चित्रकाराला द्या, शक्य असेल तर रानातला फोटोच द्या. आमच्या चित्रकारानं मक्याचं कणीस शाळवासारखं शेंड्याला काढलं होतं. तसं असतं तर ते भुतालाच गेलं असतं आणि तिसऱ्या वर्षाचा विनोदच मेला असता. मक्याच्या शेंड्याला तुरा असतो, कणीस ताटाच्या मध्यावर, पानाच्या बेचक्यात. हळदीचंही तसंच. मुलांना वाटतं गड्डा उपटला की पिवळाधमक निघेल. प्रत्यक्षात तो मातकट तपकिरी असतो. म्हणून पटकथेत तात्या गड्डा झटकतो, एक हळकुंड कट्कन मोडतो आणि आतला केशरी रंग पडदाभर दिसतो, असं एक दृश्य हवंच. ते नसेल तर तात्याला काय मिळालं ते समोर बसलेल्या मुलांना कळतच नाही.

मग क्रम तपासा. भूत आधी वाटा निवडतं, तात्या नंतर पेरतो, हे तिन्ही वर्षी न चुकता. बियाणं आधी दिसलं तर तात्या लबाड वाटतो, आणि एखादं पोर विचारतंच, "भुतानं काय वाईट केलं होतं?" म्हणून पहिल्याच दृश्यात भूत तात्याच्या औतासमोर आडवं पडलेलं दाखवा. तात्याच्या तोंडी एकही खोटं वाक्य नको. भूत ओरडतं, "वरचं माझं, खालचं तुझं!" तात्या एवढंच म्हणतो, "तू ठरवलंस, मी पेरतो. नंतर कुरकुर न्हाई करायची." तिन्ही वेळा हेच वाक्य ठेवा, तिसऱ्या वेळी मुलं ते तात्याच्या आधी म्हणतात. निवेदक मात्र पुस्तकी मराठीत बोलू दे, शाळा जवळची असो वा लांबची.

काळही दाखवावा लागतो. हळद अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावतात आणि काढायला जवळजवळ नऊ महिने जातात. तारखा सांगू नका. मागच्या डोंगराचा रंग बदला आणि बांधावरची बाभळ एकदा पिवळ्या फुलांनी भरा, बस.

आता शब्द मोजा. मी चार मिनिटांना साडेतीनशे शब्दांच्या वर जात नाही, कारण लहान मुलांना हसायलाही वेळ लागतो. सेकंदाला बारा चित्रं धरली तर पाच सेकंदांचा एक फालतू संवाद म्हणजे साठ चित्रं. संवाद कापताना हा आकडा समोर ठेवला की हात आखडत नाही. आवाज आधी रेकॉर्ड करा, चित्रं नंतर. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेले दिसले पाहिजेत, आणि आमच्या पात्राचं तर नावच 'भूत'! आवाज नंतर घातला तेव्हा ते उघड्या तोंडानं 'भ' म्हणत होतं. तेवढी दृश्यं पुन्हा काढावी लागली.

शेवटच्या दृश्यात, भूत तुरे आणि मुळं खांद्यावर टाकून निघतं तिथं, संवाद लिहू नका. नुसता पाल्याचा सळसळाट पुरे. तो मात्र खऱ्या मक्याचा हवा, म्हणून पावसाळी मका उभा असतानाच फडात जाऊन रेकॉर्ड करून ठेवा.