बारा महिन्यांच्या कमाईवरून आपत्कालीन निधी

गिग कामात वर्षाची सरासरी खर्चाहून थोडी अधिक असली, तरी सलग मंद महिन्यांत घर अडते. म्हणून निधी सरासरीवरून न ठरवता साठत जाणाऱ्या तुटीवरून ठरवावा.

इंधन, कमिशन आणि दुरुस्ती वजा करून हाती आलेली रक्कम महिनावार लिहावी व तीतून घरचा अटळ खर्च वजा करावा. तूट आल्यास ती मागील तुटीत मिळवावी, शिलकीने ती कमी करावी, मात्र बेरीज शून्याखाली नेऊ नये. वर्षातील सर्वांत मोठी बेरीज हाच निधीचा पाया होय.

समजा, खर्च २० हजार आणि चौथ्या महिन्यापासूनची कमाई १४, ११, १७, २३, १५, १८ हजार आहे. बेरीज ६, १५, १८, १५, २०, २२ अशी चढते. सर्वांत वाईट महिन्याची तूट केवळ ९ हजार होती, निधी मात्र २२ हजार लागतो! (मधल्या बऱ्या महिन्याने फसू नये.)

आजारपणाने काम पूर्ण थांबल्यास लागणारा किमान एका महिन्याचा खर्च वेगळा मिळवावा. म्हणजे येथे एकूण ४२ हजार.

बारावा महिना तुटीतच संपत असेल, तर तीच बेरीज पहिल्या महिन्यापासून पुढे चालवावी, अन्यथा आकडा फसवा निघतो.